आईच्या तासाचा भाव काय?

‘आपल्या पगाराला कामाच्या तासांनी भागा. जो आकडा येईल तो तुमच्या एका तासाचा भाव. त्याहून स्वस्तात जे काम दुसऱ्याकडून होतं, ते स्वतः करू नका.’

हे गणित तुम्ही मोबाइलवर कुठे ना कुठे ऐकलं असणार. तीस सेकंदांचा व्हिडिओ, मागे गाडी, हातात कॉफी आणि तोंडात हा हिशेब. ऐकायला तो इतका सरळ वाटतो की पटकन पटतो. माझं म्हणणं असं आहे की हे गणित चुकीचं आहे. भागाकार बरोबर येतो, पण हिशेबात कोणाचा तास धरायचा हेच त्यात बरोबर नसतं. हे समजून घ्यायला बंगळुरू किंवा पुण्याच्या आयटी पार्कात जायची गरज नाही. पारनेर तालुका पुरेसा आहे.

पारनेरच का? कारण इथे एकाच घरात तासाचे तीन भाव एकत्र नांदतात. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, त्याचा तास पगारात मोजला जातो. वावरात कांदा असतो, तिथे मजुराचा तास रोजात किंवा उक्त्या दरात मोजला जातो. घरात आई असते. तिचा तास कुठेच मोजला जात नाही.

आता या घराची एक गंमत बघा. गंमत म्हणतोय, पण ती हसण्यासारखी नाही. कांद्याचे भाव पडले की हेच घर तावातावाने सांगतं, ‘आमच्या कष्टाची किंमत कोण धरतो? घरातली चार माणसं चार महिने राबली, ती फुकट का?’ प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. तो आपल्याकडे नुसता गावच्या पारावरचा प्रश्नही राहिलेला नाही. पिकाचा उत्पादनखर्च काढणारा केंद्राचा कृषी मूल्य आयोग तीन पायऱ्यांनी खर्च मांडतो. पहिली पायरी ‘ए-टू’. बियाणं, खत, औषध, पाणी, लावलेले मजूर असा खिशातून गेलेला खर्च तिच्यात येतो. दुसरी पायरी ‘ए-टू अधिक एफएल’. एफएल म्हणजे घरच्या माणसांचे श्रम. त्यांना कोणी पैसे दिलेले नसतात, तरी मजुरीच्या दराच्या आधारे त्यांची किंमत धरली जाते. तिसरी पायरी ‘सी-टू’. तिच्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही धरतात. कांद्याला हमीभाव नाही हे खरं, पण खर्च कसा मोजायचा हे या पायऱ्यांनी आपल्याला शिकवलं आहे. स्वामिनाथन आयोगाचा अहवाल आला २००६ साली. तेव्हापासून शेतकरी चळवळीत भांडण चाललंय ते दीडपट भाव यातल्या कोणत्या पायरीवर द्यायचा याचं. घरच्या श्रमांना किंमत असते, हे तत्त्व मात्र सरकारनेही मान्य केलं आहे.

म्हणजे बांधाच्या पलीकडे एफएल धरायला हवा, यावर आपलं एकमत आहे. तोच माणूस घराचा उंबरा ओलांडून आत आला की एफएल शून्य होतो. वावरात कांदा खुरपणाऱ्या आईचे श्रम उत्पादनखर्चात येतात. तीच आई संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापते, भांडी घासते, तेव्हा तिचे श्रम ‘घरचं काम’ होतात. माझा वाद या शून्याशी आहे.

आधी तो पगारवाला भागाकार निकालात काढू. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. मुलाचा पगार महिना २२,००० रुपये, २६ दिवस, रोज आठ तास. एकूण २०८ तास. भागाकार येतो सुमारे १०६ रुपये. व्हिडिओ इथे थांबतो. पण सुप्याला पोचायला, परत यायला, गणवेश चढवायला, गेटवर रांगेत उभं राहायला रोज दोन तास जातात, ते कोणी दिले? ते धरले की महिन्याचे २६० तास झाले. पेट्रोल आणि बाहेरचा चहा-नाश्ता यांचे २,००० वजा केले की हातात उरतात २०,०००. आता भागा. तासाचा भाव ७७ रुपये. एका साध्या दुरुस्तीत चौथा हिस्सा भाव उतरला.

याहून मोठी चूक पुढे आहे. ७७ असो की १०६, हा भाव विकलेल्या तासांचा आहे. रात्री नऊ वाजता भांडी न घासल्याने तुमचा जो तास वाचला, तो कोणाला विकणार आहात? कंपनी तो विकत घेत नाही. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, पण ओव्हरटाइम मिळणं सुपरवायझरच्या हातात असतं, तुमच्या नव्हे. महिन्याच्या पगारावरच्या माणसाचा वाचलेला तास बाजारात शून्य रुपयांना जातो. मग तो तास बिनमोलाचा का? अजिबात नाही. त्या तासात तुम्ही झोपलात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलात, पोरीला गोष्ट सांगितलीत, तर त्याचं मोल आहेच. पण ते मोल पगाराला भागून निघत नाही. ते काढायला स्वतःला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा तास कोणी विकत मागितला तर मी कितीला देईन? आणि गेलेला तास परत मिळत असेल तर त्यासाठी खिशातून किती काढीन? दोन्हींची उत्तरं बहुतेकदा वेगळी येतात. रविवारचा तास दोनशेलाही द्यावासा वाटत नाही, पण तोच परत घ्यायला पन्नास रुपये काढतानाही हात अडखळतो. तुमच्या तासाचा खरा भाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो दिवसागणिक, वेळेगणिक बदलतो.

आता आईच्या तासाकडे येऊ. तिचा भाव काढायला आपल्याकडे एफएलची रीत तयार आहे. गावात बाईला खुरपणीचा रोज काय मिळतो? समजा सात तासांचे ३५० रुपये. म्हणजे तासाला ५० रुपये. इथेच म्हणून ठेवतो, हा तिच्या तासाचा कमीत कमी भाव आहे, खरा भाव नव्हे. शेजारच्या वावरात गेली असती तर एवढे तिला कोणीही दिले असते, इतकाच त्याचा अर्थ.

हा ५० रुपयांचा आकडा हातात धरून घरातलं पहिलं काम तपासू. चार माणसांचे कपडे हाताने धुवायला रोज तासभर तरी जातो. सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन समजा १२,००० रुपयांना आलं आणि आठ वर्षं चाललं. महिन्याला १२५ रुपये पडले. वीज, जास्तीची पावडर, अधूनमधूनची दुरुस्ती यांचे २२५ धरा. एकूण ३५०. पाणी भरणं आणि वाळत घालणं उरतंच, ते वजा करूनही महिन्याला २५ तास वाचले, तर आईचा एक तास १४ रुपयांना परत मिळाला. ज्याचा भाव कमीत कमी ५० आहे ते १४ रुपयांना मिळत असताना घर ते घेत नाही. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘एवढे पैसे कशाला घालायचे? आई धुतेच की.’ याच घरात २५,००० चा मोबाइल घेताना तासाचा हिशेब कोणी मांडलेला नसतो. मशीन महाग नाही. आईचा तास शून्य धरला आहे म्हणून ते महाग दिसतं.

या हिशेबाला एक मर्यादा आहे, ती लपवायचं कारण नाही. पारनेर पर्जन्यछायेतला तालुका आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर मशीन दोन महिने कोपऱ्यात पडून राहू शकतं. म्हणून इथे नळाला जोडून चालणारं फुल ऑटोमॅटिक नव्हे, तर बादलीने पाणी ओतून चालणारं सेमी ऑटोमॅटिक घ्यायचं. आणि हिशेब बारा नव्हे, दहा महिन्यांचा करायचा. तासाचा भाव १४ वरून १७ झाला तरी उत्तर बदलत नाही.

दुसरं काम भांड्यांचं. पारनेर शहरात राहणाऱ्या घराने रोज एकदा भांड्यांना बाई लावली. समजा महिन्याला १,५०० रुपये, रोज पाऊण तास, महिन्यात २८ दिवस. २१ तास झाले. तासाला ७१ रुपये. आईचा तास ५० चा, म्हणजे हे काम बाहेर देणं परवडत नाही. बरोबर?

चूक. इथे आपण कारखान्यातला साधा नियम विसरलो. माणसाचे सगळे तास एका भावाचे नसतात. मुलगा पाळी संपल्यावर थांबला की त्याला दुप्पट दर मागायचा हक्क आहे, कारण थकल्यावरचा तास महाग असतो हे कायद्याने मानलं आहे. आई पहाटे पाचला उठते. रात्री नऊला ती भांड्यांपाशी बसते, तेव्हा तिची पाळी संपून कितीतरी तास झालेले असतात. तिच्या त्या तासाला ओव्हरटाइमचा दर लावा, ५० चे १०० होतात. आता ७१ रुपये स्वस्त झाले. मुलाला लागू होणारा नियम आईला लावताना आपल्याला तो अवघड वाटतो, तो आकडेमोडीमुळे नव्हे.

हे एका घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटं. यात जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते मोजलेलेही नाहीत. गृहिणीच्या श्रमाची किंमत रुपयांत धरण्याची एक जागा मात्र आपल्याकडे पक्की आहे, ती म्हणजे अपघाताच्या नुकसानभरपाईचा खटला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे, असं ठासून सांगितलं. म्हणजे तिच्या तासाचा भाव काढायची सोय आहे, पण ती गेल्यावर. जिवंत असताना तिने विचारलं तर आपण म्हणतो, ‘घरात कसला हिशेब?’

हा शेवटचा आक्षेप पारनेरमध्ये जरा जास्तच जोरात येईल. हा राळेगणसिद्धीचा तालुका. श्रमदानाने बांध-बंधारे उभे राहिले, गाव पालटलं, हे इथल्या पोरांनी शाळेपासून ऐकलं आहे. तेव्हा ‘आपलं काम आपण करावं, प्रत्येक गोष्टीला पैसा लावू नये’ असं कोणी म्हटलं की मान आपोआप डोलते. पण श्रमदान म्हणजे बिनहिशेबी काम नव्हे. पाणलोटाच्या योजनांत गावाचं श्रमदान लोकवर्गणी म्हणून रुपयांत धरतात, आणि कोणत्या घरातून माणूस आला, कोणत्या घरातून आला नाही, हे गाव बरोबर लक्षात ठेवतं. त्याहून जुनी आपली सावड घ्या. आज तुम्ही माझ्या लावणीला आलात, उद्या मी तुमच्या. पैशाची देवघेव नाही, पण तासाला तास चोख. एखादा नुसताच बोलावतो आणि स्वतः जात नाही, त्याची सावड पुढच्या हंगामात मोडते. घरातली भांडी ही श्रमदानाची किंवा सावडीची गोष्ट असेल, तर माझी काहीच हरकत नाही. मग हजेरी लावा. आई सोमवारी, मुलगा मंगळवारी, बाप बुधवारी. पैसे न घालता सुटणारं हे सगळ्यात स्वस्त उत्तर आहे. अडचण एवढीच की श्रमदानाचं भाषण करणारा त्या यादीत स्वतःचं नाव घालत नाही.

कामं बाहेर द्यायलाच हवीत असं मी म्हणत नाही. काही कामं अशी असतात की ‘माझा तास महाग, मजुराचा स्वस्त’ या हिशेबाने ती दिली तर घर बुडतं. उन्हाळ कांद्याची काढणी घ्या. टोळीला एकराने उक्तं काम दिलं की टोळीचा फायदा वेगात असतो. घाईत पात कापताना मान फार आखूड ठेवली जाते. वास्तविक साधारण इंचभर मान ठेवली, तर ती सुकून कांद्याचं तोंड बंद होतं. मान आखूड झाली की तोंड उघडं राहतं आणि चाळीत तिथूनच सड लागते. कांदा शेतात नीट सुकायच्या आत गोळा केला, जोडकांदा आणि मार लागलेला कांदा वेगळा काढला नाही, तरी तेच. चूक त्या दिवशी दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी चाळीजवळून जाताना वास येतो, तेव्हा कळतं.

आता हिशेब. समजा ८० क्विंटल कांदा चाळीत गेला आणि या घाईमुळे नेहमीपेक्षा पाच टक्के जास्त सडला. चार क्विंटल गेले. १,५०० रुपये क्विंटल धरले तर ६,०००. मुलाने दोन दिवस रजा टाकली आणि पगार कापला गेला, तर त्याचे जातील सुमारे १,७००. दोन दिवसांचे १४ तास तो कापणीपाशी उभा राहिला, पहिल्या दहा मिनिटांत मान किती ठेवायची ते दाखवलं, निवडीवर नजर ठेवली आणि ती नासाडी टाळली, तर त्याचा तास ४२० रुपयांच्या वर गेला. कारखान्यात ७७ आणि वावरात ४२०. भागाकारवाला व्हिडिओ त्याला सांगत होता की तू कंपनीत जा, वावर मजुरांवर सोड.

यातून कामं वेगळी करायची एक कसोटी मिळते. काम बाहेर देताना मजुरीच्या पलीकडे दोन खर्च असतात. समजावून सांगणं आणि तपासणं, यात जाणारा वेळ हा एक. काम बिघडलं तर होणारं नुकसान हा दुसरा. भांडं नीट घासलं गेलं नाही तर डोळ्यांना दिसतं आणि परत घासता येतं. तिथे दोन्ही खर्च जवळपास शून्य. म्हणून ते काम खुशाल द्या. कांद्याची निवड चुकली तर दोन महिन्यांनी दिसते आणि परत करता येत नाही. तिथे हात मजुराचे असू देत, नजर घरची हवी. काही कामं तर समजावून सांगण्यापेक्षा करून टाकणं सोपं असतं. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मोबाइलवर निघतो. त्यासाठी कोणाला गट नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, परत आणायला जायचं, यात अर्धा दिवस घालवणं म्हणजे तासाची उधळपट्टी.

राहिली ती बाई, जी ७१ रुपये तासाने तुमची भांडी घासते. या सगळ्या हिशेबात तिचा तास कोण धरणार? तुमच्याकडून पाहिलं तर ती पाऊण तास येते. तिच्याकडून पाहिलं तर एका घरातून दुसऱ्या घरी जायला पाव तास जातो. म्हणजे तुमच्या घरासाठी तिचा पूर्ण तास गेला. १,५०० ला २८ ने भागा, तिच्या हातात पडतात ५४ रुपये. आईच्या तासाचा कमीत कमी भाव आपण ५० धरला होता, त्याच्या जेमतेम वर. हीच सीमारेषा समजा. आईच्या तासाला जो भाव तुम्ही मान्य केला, त्याहून कमी भावात दुसऱ्या कोणाच्या आईचा तास विकत घ्यायचा नाही. सुट्टीचे पैसे कापून तो आकडा ४० वर आणायचा आणि ‘आम्ही आईला आराम दिला’ म्हणून मिरवायचं, तर तुम्ही शून्य पुसलेलं नाही. एका घरातून उचलून ते दुसऱ्या घरात ठेवलं आहे.

एक हुकमी उत्तर अजून उरतं. ‘आईलाच नको असतं. तिला दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही.’ असेलही. पण तिला विचारलं कसं जातं ते बघा. ‘बाई लावायची का?’ असं विचारलं की तिच्यासमोर खर्च दिसतो. वर्षानुवर्षं काटकसर केलेली बाई खर्चाला नको म्हणणारच. प्रश्न फिरवून विचारा. महिन्याच्या एक तारखेला १,५०० रुपये तिच्या हातात ठेवा आणि सांगा, ‘हे भांड्यांचे. बाई लाव, नाहीतर तू घास आणि पैसे तुझे. कशाला गेले ते कोणी विचारणार नाही.’ आता ती जे ठरवेल तो तिचा निर्णय. बाई लावली तर तास तिचा. स्वतः घासली तर ती तिची कमाई, आणि घरात पहिल्यांदाच त्या कामाला भाव मिळाला. मात्र बाई लावल्यावर वाचलेल्या तासात ‘आता मोकळीच आहेस तर कुरडया घाल’ म्हणालात, तर १,५०० रुपये तिच्यासाठी नव्हे, स्वतःच्या कुरडयांसाठी खर्च केलेत.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘तुमच्या तासाची किंमत ओळखा’ म्हणालं, तर जरूर ओळखा. पण आकडेमोड सुरू करायच्या आधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि कालच्या दिवसात कोणाचे किती तास कोणत्या कामात गेले ते त्यासमोर मांडा. ज्याचा तास खर्च होतो आणि तो वाचवायचा की नाही हे जो ठरवतो, ती दोन वेगळी माणसं असतील, तर त्या घरात कोणतंही काम नेहमी ‘परवडत नाही’ असंच निघेल. कांद्याला भाव मागताना आपण सरकारला विचारतो, आमचे श्रम शून्य का धरता? तो प्रश्न रास्त आहे. तो आपण रात्री नऊ वाजता, मोरीजवळ उभं राहूनही विचारला पाहिजे.